मायक्रो लॅबचा पहिला दिवस: बीएसएल म्हणजे काय आणि जंतू सोबत न घेता घरी कसं जायचं

२०११ साली अमेरिकेत साल्मोनेला टायफिम्युरियम या जंतूची साथ आली, ३८ राज्यांत मिळून १०९ लोक आजारी पडले आणि त्यातला एक जण दगावला. साल्मोनेला म्हटलं की सगळे आधी खाण्यावर संशय घेतात, पण इथे शोधत शोधत गेल्यावर लक्षात आलं की हा स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचा नेमका वाण, लॅबमध्ये शिकवण्यासाठी विकत मिळतो तोच आहे, आणि आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये शिकणारे किंवा काम करणारे होते. त्याहून वाईट म्हणजे काही लहान मुलंही आजारी पडली, ज्यांनी लॅबचं तोंडही बघितलं नव्हतं, फक्त त्यांच्या घरातलं कोणीतरी लॅबमध्ये जात होतं. एवढं होऊनही २०१४ मध्ये पुन्हा ४१ आणि २०१७ मध्ये पुन्हा २४ जण अशाच प्रकारे आजारी पडले.

यात कुठे स्फोट नाही, कोणाला सुई टोचली नाही. त्यानंतर जे सल्ले दिले गेले ते वाचले तर अगदी साधे वाटतात, पेन वही फोन बॅग बेंचवर आणू नका, कोट घरी नेऊ नका, निघताना हात धुवा. म्हणजे शिकवण्याच्या लॅबमधून जंतू कसा बाहेर पडतो तर हातावरून, आणि हात ज्याला लागला त्या वस्तूवरून. पुढचं सगळं मी याच एका वाटेवर लक्ष ठेवून लिहिलंय. मी बरीच वर्षं प्रॅक्टिकलला डेमो देतोय त्यामुळे पोरं नेमकी कुठे चुकतात ते रोज बघतो.

आधी बीएसएल, पण थोडक्यात

दारावर बायोहॅझर्डचं ते तीन कड्यांचं चिन्ह आणि खाली बीएसएल-१ किंवा बीएसएल-२ असं लिहिलेलं असतं. बीएसएल म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल. बहुतेकांना वाटतं हा जंतूचा नंबर आहे, जितका मोठा तितका डेंजर. तसं नाही. जंतूंना रिस्क ग्रुप असतात, तेही १ ते ४, म्हणून गोंधळ होतो. बीएसएल हा खोलीचा आणि खोलीतल्या कामाच्या पद्धतीचा नंबर आहे. म्हणजे हे काम करायला खोली कशी पाहिजे, कोणती साधनं पाहिजेत, कोणाला आत सोडायचं, कचरा कसा मारायचा हे सगळं मिळून एक लेव्हल होते.

लेव्हल लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे दोन प्रश्न विचारायचे: जंतू शरीरात कुठून शिरतो, आणि शिरला तर औषध आहे का. लेव्हल १ मध्ये असे जंतू असतात जे धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत, उदाहरणार्थ ई. कोलायचा के-१२ स्ट्रेन, बॅसिलस सबटिलिस, बेकरीतलं यीस्ट. लेव्हल २ मधले आजार देतात, पण मुख्यतः तोंडातून, डोळ्यातून किंवा कापलेल्या त्वचेतून, आणि बहुतेकांवर उपचार आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियस, साल्मोनेला, माणसाचं रक्त हे सगळं इथे येतं. लेव्हल ३ म्हणजे श्वासातून जाणारे आणि गंभीर आजार देणारे, टीबीचा जंतू हे नेहमीचं उदाहरण. लेव्हल ४ म्हणजे इबोला, निपाह असली मंडळी, जिथे जीव जायची शक्यता मोठी आणि भरवशाचा इलाज बहुतेक वेळा नाही. विद्यार्थी म्हणून तुमचा संबंध १ आणि २ शीच येणार, ३ आणि ४ बद्दल इथे मी जास्त बोलत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, तोच जंतू कामाप्रमाणे लेव्हल बदलतो. पेशंटच्या थुंकीची स्लाईड करून टीबी बघायचा असेल तर नीट काळजी घेऊन लेव्हल २ मध्ये चालतं, पण तोच टीबी कल्चर करून वाढवायचा म्हटलं की लेव्हल ३, कारण आता थोडे नाही तर प्रचंड संख्येने जंतू हातात आहेत आणि ट्यूब हलवली तरी हवेत जाऊ शकतात. तेव्हा "हा जंतू सेफ आहे का" या प्रश्नासोबत "मी त्याचं नक्की काय करणार आहे" हाही प्रश्न विचारायचा.

"धडधाकट माणसाला" हे शब्द कोणासाठी आहेत

लेव्हल १ च्या व्याख्येतला हा भाग सगळे वाचून पुढे जातात, पण तो महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये शिकागोत एका विद्यापीठातले साठीचे एक संशोधक प्लेगच्या जंतूवर काम करत होते. घाबरू नका, तो मुद्दाम कमजोर केलेला स्ट्रेन होता. प्लेगच्या जंतूला शरीरातून लोह खेचून घ्यावं लागतं, आणि या स्ट्रेनची ती लोह खेचायची सोयच काढून टाकलेली होती, त्यामुळे तो माणसात वाढूच शकणार नाही असं समजलं जायचं. पण ते संशोधक आजारी पडले आणि गेले. पोस्टमॉर्टममध्ये कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि तो त्यांनाही माहीत नव्हता. जंतूला जे मिळणार नाही असं आपण धरून चाललो होतो ते या एका शरीरात भरपूर पडलेलं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी एक काम करा. तुम्ही स्टेरॉइड घेताय, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे, डायबेटिस आहे, स्प्लीन काढलेली आहे, प्रेग्नंट आहात, यातलं काहीही असेल तर शिक्षकांना वर्गासमोर नाही, बाजूला जाऊन सांगा. सगळं सविस्तर सांगायची गरज नाही, "मला अमुक एक्सपेरिमेंटबद्दल काळजी वाटते, आधी डॉक्टरला विचारू का" एवढं पुरतं. घरी तान्हं बाळ किंवा खूप म्हातारं माणूस असेल तर तेही लक्षात ठेवा, तुम्हाला काही झालं नाही तरी त्यांना होऊ शकतं, २०११ मध्ये तेच झालं.

आत शिरण्याआधी

बंद बूट, केस बांधलेले, कोट सगळी बटणं लावून, हातावर कुठे कापलेलं असेल तर पट्टी आणि वरून ग्लोव्ह. हे तुम्हाला सगळीकडे सांगतील. मला जास्त बोलायचंय ते बेंचवर काय न्यायचं याबद्दल, तर उत्तर आहे जवळपास काहीच नाही. बॅग बाहेर, फोन बॅगेत. प्रॅक्टिकलचं मॅन्युअल लागणारच असेल तर त्या पानांची झेरॉक्स लॅबमध्येच राहू दे. आणि एक पेन, एक मार्कर असा ठेवा जो कधीच लॅबबाहेर जाणार नाही.

पेनाचं मी का एवढं लावून धरतोय ते सांगतो. एका बॅचला आम्ही न सांगता एका ट्यूबला अंधारात यूव्ही दिव्याखाली चमकणारी पावडर बाहेरून लावून ठेवली होती, जंतू बिंतू काही नाही, नुसती पावडर. प्रॅक्टिकल झाल्यावर सगळ्यांनी ग्लोव्ह काढले, हात धुतले, मग दिवे घालवून यूव्ही लावला. हात बऱ्यापैकी स्वच्छ होते. पण मार्करचं टोपण चमकत होतं, वहीचा कोपरा जिथून पान उलटतात तो चमकत होता, बर्नरची नॉब, इन्क्युबेटरचं हँडल, आणि एका मुलीच्या चष्म्याची काडी, कारण ती सारखी चष्मा वर करत होती. एकाच्या खालच्या ओठाला ठिपका होता. तो म्हणाला मी काहीच तोंडात घातलं नाही सर. मग आठवलं, विचार करताना मार्करचं टोपण ओठाला टेकवायची त्याची सवय.

ग्लोव्ह घातलेला हात हा घाणेरडा हात आहे असं समजायचं, एवढं त्या दिवशी सगळ्यांना पटलं. ग्लोव्ह फक्त तुमची त्वचा वाचवतो, तुम्ही हात लावाल ती वस्तू नाही.

बेंच पुसणं आणि अल्कोहोलची गंमत

काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर बेंच ७०% अल्कोहोलने पुसायचा. दरवर्षी कोणीतरी विचारतं की १००% का नाही, जास्त स्ट्राँग असेल ना. उलटं आहे. अल्कोहोल प्रोटीनचा आकार बिघडवून जंतू मारतं आणि त्या कामाला पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल बाहेरचं प्रोटीन पटकन गोठवतं आणि उडूनही लवकर जातं, आत पोचायला वेळच मिळत नाही. ७० टक्क्यात पाणी आहे, ते आत शिरतं आणि थोडा जास्त वेळ ओलं राहतं.

ओलं राहणं हाच खरा मुद्दा आहे. फवारा मारला आणि लगेच टिशूने कोरडं केलं तर तुम्ही जंतू मारला नाही, फक्त सरकवला. भरपूर ओलं करा, पसरवा, आणि आपोआप वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, अल्कोहोलची वाफ पेटते आणि दिवसा उजेडात तिची निळी ज्योत नीट दिसत पण नाही. आणि अजून एक, अल्कोहोल स्पोअरला, म्हणजे काही जंतू जाड कवच करून झोपून राहतात त्या रूपाला, काही करत नाही. बॅसिलस सबटिलिस लेव्हल १ चा सज्जन जंतू, पण स्पोअर करतो, त्याच्यासाठी ब्लीच लागतं.

ट्यूबमधून प्लेटवर: एक स्ट्रीक हळूहळू

पहिलं प्रॅक्टिकल बहुधा स्ट्रीकिंगचंच असतं, ब्रॉथमधून, म्हणजे जंतू वाढवलेल्या पातळ खाद्यातून, तारेच्या लूपने लूपभर घेऊन अगार प्लेटवर, म्हणजे घट्ट खाद्याच्या बशीवर, रेघा मारायच्या. यात जंतू उडण्याच्या चारपाच जागा आहेत, त्या क्रमाने बघू.

आधी आकड्याचा अंदाज घ्या. रात्रभर वाढलेल्या ब्रॉथमध्ये एका मिलीलीटरला साधारण १०० कोटी जंतू असतात. बेंचवर पडलेला एक साधा थेंब ०.०५ मिलीलीटर धरला तर त्यात ५ कोटी. दिसायला मात्र पाण्याचा थेंब.

प्लेटवर नाव तारीख जंतू हे खालच्या भागावर लिहा, झाकणावर नाही, झाकणं अदलाबदल होतात. मग ट्यूब उघडण्याआधी ढवळून घ्यायची असते तर बोटाने खालून हलके टिचक्या मारा. जोरात हलवली तर बूच ओलं होतं आणि उघडताना त्या ओल्या कडेची पातळ फिल्म फुटते, त्यातून बारीक थेंब उडतात.

लूप तापवणं. नवीन मुलं लूपचं टोक थेट ज्योतीच्या सगळ्यात गरम भागात घालतात आणि चर्र करून शिंतोडे उडतात, त्यातले काही जंतू जिवंतच बाहेर पडतात. लूपवर कल्चर असेल तर आधी ज्योतीच्या आतल्या, कमी गरम निळ्या शंकूत धरून वाळू द्या आणि मग हळूच वरच्या गरम भागात न्या, तार लाल होईपर्यंत. लाल झाली की दहापंधरा सेकंद थंड होऊ द्या, हवेतच, फुंकर मारायची नाही. ब्रॉथमध्ये घातल्यावर चुर्र आवाज आला तर समजा घाई झाली. त्या आवाजासोबत दोन गोष्टी झाल्या, जंतू मेले म्हणून तुमची प्लेट रिकामी येणार, आणि थोडं ब्रॉथ वाफेबरोबर हवेत गेलं.

हवेत गेलेल्याचं पुढे काय होतं हे एकदा समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मोठे थेंब काही सेकंदात जवळपास हातभर अंतरात खाली पडतात, बेंचवर, मनगटावर, कोटावर. अगदी बारीक थेंब हवेतच सुकतात आणि ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण उरतात, ते बराच वेळ तरंगतात आणि श्वासातून फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. टीबीला लेव्हल ३ का लागते ते इथे कळतं. स्टॅफ किंवा साल्मोनेलाला मात्र तो पहिला प्रकार जास्त त्रास देतो, बेंचवर पडलेला, मग हात, मग तोंड.

ट्यूबचं बूच करंगळीत धरायचं, बेंचवर ठेवायचं नाही. लूपभर घ्यायचं, बूच लावायचं, ट्यूब स्टँडमध्ये परत, मगच प्लेट. प्लेटचं झाकण शिंपल्यासारखं एका बाजूने थोडं उघडायचं. रेघा हलक्या हाताने, अगार खरवडला तर लूप झटका देऊन सुटतो आणि शिंतोडे उडतात. झाल्यावर लूप खाली ठेवण्याआधी पुन्हा जाळायचा, आणि हे शंभरातले तीस जण विसरतात असं म्हटलं तर माझे सहकारी म्हणतील कमी सांगतोय.

पिपेट असेल तर शेवटचा थेंब जोरात फुंकून काढायचा नाही, बुडबुडा फुटतो. टोक नळीच्या आतल्या भिंतीला टेकवून सोडा. तोंडाने पिपेट ओढणं तर कुठल्याच परिस्थितीत नाही, साधं पाणी असलं तरी नाही, कारण सवय पाण्यावर लागते आणि चूक कल्चरवर होते.

जाता जाता लॅमिनार फ्लोबद्दल. लॅबमध्ये काचेचं दिसायला भारी कपाट असतं ज्यातून वारा येतो, आणि मुलांना वाटतं यात काम केलं की आपण सेफ. लॅमिनार फ्लो बेंचमधली स्वच्छ हवा तुमच्या प्लेटवरून तुमच्या तोंडाकडे येते. ते प्लेट वाचवायला आहे, तुम्हाला नाही, त्यात आजार देणारा जंतू उघडायचा नाही. माणसालाही वाचवतं ते बायोसेफ्टी कॅबिनेट, त्यात पुढच्या फटीतून हवा आत ओढली जाते. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून पाटी वाचा किंवा टिशूची एक पट्टी पुढच्या कडेला धरून बघा, बाहेर उडते की आत.

ट्यूब पडली तर

हे एकदा शांतपणे डोक्यात घडवून बघा, कारण प्रत्यक्ष घडतं तेव्हा सगळे एकच चूक करतात, घाबरून लगेच टिशू घेऊन पुसायला लागतात.

समजा स्टॅफिलोकोकस ऑरियसची ५ मिलीलीटर ब्रॉथची काचेची ट्यूब हातातून सुटून जमिनीवर फुटली. म्हणजे ५०० कोटींच्या आसपास जंतू आणि काचेचे तुकडे. पहिलं काम मोठ्याने सांगायचं, "इथे कल्चर पडलंय", म्हणजे मागून येणारा त्यात पाय देणार नाही. दुसरं मागे सरका. खाली वाकून बघायचं नाही, आत्ता त्या जागेवर बारीक थेंब तरंगताहेत. शिक्षकांना बोलवा. स्वतःकडे बघा, कोटावर बुटावर उडालंय का. कोटावर असेल तर कोट आतली बाजू बाहेर करत काढा आणि जमिनीवर न टाकता बॅगेत. लेव्हल २ चं कल्चर असं फुटून पसरलं असेल तर सहसा खोली रिकामी करून अर्धा तास थांबतात, हवेतले कण बसू देतात. तो निर्णय शिक्षकांचा.

मग जो साफ करणार आहे तो नवीन ग्लोव्ह, कोट, चष्मा घालतो. सांडलेल्यावर कागदी टॉवेल अंथरायचे, आणि त्यावर ब्लीचचं पाणी बाहेरून आत, कडेपासून मध्याकडे, हळूच ओतायचं. धार मध्यभागी सोडली तर कल्चर बाहेर पसरतं आणि पुन्हा उडतं. ब्लीच म्हणजे घरगुती ५-६ टक्क्यांचं एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्याच दिवशी केलेलं. जुनं करून ठेवलेलं पाणी वासाला ब्लीचच वाटतं पण ताकद गेलेली असते, म्हणून बाटलीवर तारीख लिहितात, तारीख नसेल तर ओतून टाका आणि नवीन करा.

आता २० मिनिटं काहीही करायचं नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. ब्रॉथमध्ये प्रोटीन भरपूर असतं आणि क्लोरीन आधी त्या प्रोटीनवरच खर्च होतं, जंतूपर्यंत पोचायला वेळ आणि जास्तीचं ब्लीच दोन्ही लागतं. टॉवेल पूर्ण भिजलेला राहायला हवा, मध्ये वाळला तर अजून ओता.

वीस मिनिटांनी काचेचे तुकडे चिमट्याने उचलायचे, ग्लोव्ह घातलेल्या हातानेही नाही, काच ग्लोव्ह विचारत नाही. तुकडे शार्प्सच्या कडक डब्यात. टॉवेल कचऱ्याच्या बॅगेत, पण ब्लीचने चिंब टॉवेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या मशीनमध्ये, घालायचे नाहीत, गरम झाल्यावर क्लोरीनची वाफ येते आणि मशीनचं स्टील खातं. तुमच्या लॅबमध्ये त्यासाठी वेगळी सोय असेल, ती विचारा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियावालं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मग त्या जागेवर पुन्हा एकदा ब्लीच, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसा.

कापलं किंवा टोचलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, जखम दाबून रक्त काढत बसू नका. डोळ्यात गेलं तर आयवॉशवर पापण्या उघड्या धरून १५ मिनिटं, घड्याळ लावून, कारण तिथे दोन मिनिटंही तासासारखी वाटतात. आणि सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. पाइक नावाच्या संशोधकाने १९७६ मध्ये लॅबमधून झालेल्या ३,९२१ इन्फेक्शनचा हिशेब मांडला होता, त्यातल्या २० टक्क्यांपेक्षाही कमी घटनांमागे कोणाच्या लक्षात आलेला अपघात होता. उरलेल्या बहुतेक ठिकाणी नक्की काय झालं ते कोणालाच कळलं नव्हतं. तेव्हा जो अपघात दिसला तो तरी नोंदवहीत यायला हवा.

फोनचा स्वॅब आणि अनोळखी जंतू

हे प्रॅक्टिकल सगळ्यांना आवडतं, दाराच्या हँडलचा, फोनचा, जिभेचा स्वॅब घ्यायचा, प्लेटवर लावायचा आणि काय उगवतं ते बघायचं. ट्यूबवर नाव लिहिलेल्या जंतूपेक्षा मला याचीच भीती जास्त वाटते, कारण स्टॅफ आहे हे माहीत असतं तेव्हा माणूस सावध असतो, इथे तर स्वतःच्या फोनचेच जंतू म्हणून घरचं वाटतं.

फोनवर जंतू दहावीस असतील तर काही होत नाही. प्लेटवर दोन दिवस ३७ अंशाला ठेवले की एका कॉलनीत ते लाखो होतात, आणि ३७ अंश म्हणजे तुमच्या शरीराचं तापमान, म्हणजे तुम्ही नेमके शरीरात वाढायला आवडणारेच निवडून वाढवलेत. ब्लड अगार वापरलं तर अजूनच. त्यामुळे अशी प्लेट इन्क्युबेट करण्याआधी कडेने टेपने किंवा पॅराफिल्मने सील करायची, शक्यतो खोलीच्या तापमानाला ठेवायची, आणि बघताना झाकणातूनच बघायची. फोटो काढायचा, कॉलनी मोजायच्या, रंग लिहायचा, सगळं न उघडता होतं. वास घेऊन ओळखायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर हसा आणि विसरा. एखादी कॉलनी उचलून पुढे वाढवायची असेल तर ते काम लेव्हल २ चं, कारण तुम्हाला माहीतच नाही ते काय आहे.

गुलाबी-लाल रंगाच्या कॉलनीवर सगळे खूश होतात. ती सेराशिया असू शकते. रंग चटकन दिसतो म्हणून आणि निरुपद्रवी समजून एकेकाळी तिचा वापर जंतू कुठून कुठे जातात ते बघायला सर्रास करायचे, नंतर कळलं की हॉस्पिटलमधल्या आजारी माणसांना ती चांगलीच त्रास देते.

कचरा आणि ऑटोक्लेव्ह

ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला, १५ पौंड दाबाला चालतो हे सगळ्यांना पाठ असतं, वेळेत घोळ होतो. मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, करताना १५ मिनिटं पुरतात. कचऱ्याच्या बॅगेला तेवढी पुरत नाहीत, तिला ३० ते ६० मिनिटं द्यावी लागतात, कारण बॅगेत प्लेटा रचलेल्या असतात आणि मध्ये हवा अडकते. मारते ती वाफ, अडकलेली हवा नाही. म्हणून बॅग ठासून भरायची नाही आणि तोंड घट्ट बांधायचं नाही, सैल ठेवायचं म्हणजे वाफ आत जाईल.

बॅगेवर चिकटवलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे सगळं मेलं असं नाही. टेप बॅगेच्या बाहेर असते, ती फक्त एवढंच सांगते की बाहेर गरम झालं होतं. खरी परीक्षा जिओबॅसिलस या उष्णतेला चिवट जंतूच्या स्पोअरची, त्याची छोटी कुपी बॅगेच्या पोटात ठेवतात आणि नंतर ५५-६० अंशाला वाढवतात. जांभळी राहिली तर स्पोअर मेले, पिवळी झाली तर काहीतरी जिवंत आहे आणि ती लोड पुन्हा लावायची. लॅबमध्ये ही टेस्ट शेवटची कधी झाली ते सहज विचारून बघा.

बाहेर पडताना

क्रम महत्त्वाचा आहे. बेंच पुसा. ग्लोव्ह काढा, एका ग्लोव्हची बाहेरची बाजू दुसऱ्या ग्लोव्हने मनगटाजवळ चिमटीत धरून उलटा करत काढायचा, मग उघडं बोट दुसऱ्याच्या आत घालून तोही उलटा. मग कोट, तो लॅबमध्येच टांगायचा किंवा धुवायच्या बॅगेत, कॉलेजच्या बाकीच्या कपड्यांसोबत घरच्या मशीनमध्ये नाही. मग हात, साबण आणि पाणी, २० सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा विसरायच्या नाहीत, नळ कागदाने बंद करायचा. सॅनिटायझरचं जेल हा हात धुण्याला पर्याय नाही, विशेषतः स्पोअरवाल्यांसोबत काम केलं असेल तर. आणि या सगळ्यानंतर फोन.

फोन हातात आलाच आहे तर एक नोंद टाकून ठेवा, आज कोणत्या जंतूसोबत काम केलं आणि तारीख. साल्मोनेलाची लक्षणं ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात. आठवड्याभरात जुलाब, ताप, जखमेवर लाली किंवा पू असं काही झालं तर डॉक्टरला आपणहून सांगा की मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये अमुक जंतू हाताळला होता, कारण तो प्रश्न डॉक्टरला सुचेलच असं नाही, आणि तो कळला तर तपासणी त्याच दिशेने सुरू होते.